गोवराच्या प्रश्नाला 'प्रतिजैविक' हे उत्तर चूक का?

मृण्मयी_ठाणे

लेकीच्या नववीच्या विज्ञान चाचणीत एक प्रश्न होता. जसाच्या तसा देते:

"एका वस्तीत गोवराची साथ आहे. दोन वर्षांच्या मुलाच्या मोठ्या बहिणीच्या अंगावर काल गोवराचे पुरळ उठले. मुलाला गोवराची लस मिळालेली नाही. त्याला ताप नाही. त्याच्यासाठी सर्वांत योग्य उपाय कोणता? (अ) पाच दिवस प्रतिजैविक (ब) गोवराची लस (क) ताप उतरवणारे औषध (ड) काहीच करू नये"

लेकीने (अ) लिहिलं. बाईंनी काट मारून शेजारी 'गोवर विषाणूमुळे होतो' एवढंच लिहिलं आहे. लेक हट्टाला पेटली आहे, कारण माझ्या भाच्याला गोवर झाला होता तेव्हा डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं होतं आणि तो बरा झाला. हे तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. "मग डॉक्टर चुकले का?" असं विचारते. आणि दुसरं, लस तर आधी घ्यायची असते ना? घरात रोगी असताना देऊन काय उपयोग? मला दोन्हींची उत्तरं नीट देता आली नाहीत. इथे जाणकार आहेत म्हणून विचारते.

कोकणकडा

ताई, सोपं आहे. विषाणूचा रोग असेल तर लस, जिवाणूचा असेल तर प्रतिजैविक. गोवर विषाणूचा, म्हणून (ब). विषय संपला.

गुळपोळी

पुस्तकात काहीही असो. आमच्याकडे कुणालाही व्हायरल ताप आला की ॲझिथ्रोच्या तीन गोळ्या, रोज एक. तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. आईला, नवऱ्याला, मला, सगळ्यांना लागू पडतं. उपयोग नसता तर बरं कसं वाटलं असतं?

फार्मसीवाला

गुळपोळीताई, मी काउंटरवर उभा असतो आणि हेच वाक्य रोज ऐकतो, म्हणून लिहितो. साधा व्हायरल ताप बहुतेकांचा तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपला आपण उतरतो. माणूस पहिला दिवस अंगावर काढतो, दुसऱ्या दिवशी दुकानात येतो, तीन गोळ्यांची पट्टी नेतो. पट्टी संपायला आणि ताप उतरायला एकच गाठ पडते. श्रेय गोळीला जातं. जे लोक फक्त पॅरासिटामॉल नेतात तेही त्याच सुमारास बरे होतात, पण ते परत येऊन "पॅरासिटामॉलने बरा झालो" असं सांगत नाहीत.

चिठ्ठीशिवाय मागणारे इतके असतात की नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तरी मी नाही म्हणतो.

वासंतीमावशी

मृण्मयी, लेकीला गोवर आलाय का गं? घाबरू नकोस. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेव, अंघोळ घालू नकोस, फोडणीचा वास घरात नको. आमच्या वेळी असंच करत. आणि खोलीत अंधार ठेव, डोळ्यांना उजेड सोसत नाही.

मृण्मयी_ठाणे

मावशी, लेक ठणठणीत आहे, परीक्षेतल्या प्रश्नाबद्दल विचारलं होतं. :)

शिशुवैद्य

मुलांचा डॉक्टर आहे. दोन्ही प्रश्न चांगले आहेत, आणि मुलीचा तर्क मला आवडला. तिने जे पाहिलं ते खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा तपासायला हवा.

आधी प्रतिजैविकाबद्दल. अमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्या घराण्यातलं. जिवाणू वाढताना स्वतःभोवती एक कणखर भिंत विणत असतो आणि तिचे धागे एकमेकांत अडकवणारी विकरं त्याच्याजवळ असतात. अमॉक्सिसिलिन त्या विकरांना जखडून ठेवतं. भिंत कच्ची राहते, आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंत नसतेच, म्हणून आपल्याला इजा न होता जिवाणू मरतो. गोवराच्या विषाणूलाही भिंत नाही. तो म्हणजे प्रथिनं आणि चरबीच्या आवरणात गुंडाळलेला आरएनएचा धागा. तो स्वतः खात नाही, वाढत नाही, आपल्या पेशीत शिरून तिच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो. त्यामुळे डोस दुप्पट केला किंवा दहा दिवस दिला तरी अमॉक्सिसिलिनला धरायला तिथे काही सापडतच नाही.

मग भाच्याला ते का दिलं? ताई, त्याच्या आजाराचा क्रम आठवतो का? पुरळ आल्यानंतर ताप कधी उतरला, पुन्हा आला का, धाप लागली होती का? त्यावर बरंच काही अवलंबून आहे.

कोकणकडा, तुमचं सूत्र निम्मं बरोबर आहे. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, हे खरं. पण लस फक्त विषाणूंसाठी असते, हे खरं नाही. जन्मल्यावर देतात ती बीसीजी क्षयाच्या जिवाणूविरुद्ध. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात या तिन्हींची एकत्र लस देतात, ते तिन्ही रोग जिवाणूंचे. टायफॉइडची लसही जिवाणूविरुद्धच.

कोकणकडा

डॉक्टर, मग फरक काय उरला? दोन्ही जिवाणूवर चालत असतील तर क्षयाच्या रोग्याला बीसीजी देऊन बरं का करत नाहीत?

शिशुवैद्य

कारण लस जंतूला हातच लावत नाही. ती आपल्या रोगप्रतिकारक पेशींना त्या जंतूची ओळख करून देते, आणि त्या पेशी तयार व्हायला साधारण दोनेक आठवडे लागतात. रोग अंगात मुरलेला असताना ही ओळख शरीराला आधीच झालेली असते, प्रश्न वेळेचा आणि ताकदीचा असतो. प्रतिजैविक थेट जिवाणूवर काम करतं, काही तासांत सुरू होतं, पण औषध अंगातून गेलं की त्याचं काम संपलं. पुढच्या वर्षी तोच जिवाणू आला तर आधीच्या औषधाचा काडीचा उपयोग नाही. गोवराच्या लसीचे दोन डोस मात्र बहुतेकांना जन्मभर पुरतात.

म्हणजे कशावर चालतं यापेक्षा, काम कोण करतं आणि कधी करतं, यात खरा फरक आहे.

निळूभाऊ

यावर मुंबईचंच उदाहरण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. प्लेग जिवाणूचा रोग. तेव्हा प्रतिजैविकं जन्मालाही आली नव्हती, पेनिसिलिनचा शोधच 1928 चा. सरकारने वाल्देमार हाफकिन यांना बोलावलं. त्यांनी प्लेगचे जिवाणू मटणाच्या सुपासारख्या द्रवात वाढवले, उष्णता देऊन मारले आणि त्याची लस केली. 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच प्रयोगशाळेतून उभी राहिली.

आता बघा, त्या लसीने आजारी पडलेला प्लेगचा रोगी बरा होत नव्हता. न झालेल्यांना होण्याची शक्यता कमी व्हायची, एवढंच. रोग्याला बरं करणारं स्ट्रेप्टोमायसिन 1940 च्या दशकात आलं. एकच जिवाणू, लस वेगळ्या माणसासाठी, औषध वेगळ्या माणसासाठी. डॉक्टर म्हणतात ते याहून स्पष्ट कुठे दिसणार?

कोकणकडा

हे पटलं. प्लेगचा दाखला माहीत नव्हता. निळूभाऊ, हाफकिनवर वेगळा धागा काढा.

तिसऱ्या_बाकावरची

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. भिंतीचा मुद्दा बरोबर, पण गुळपोळीताईंचं ॲझिथ्रोमायसिन भिंतीवर काम करत नाही हेही सांगायला हवं. नाहीतर कुणी म्हणेल की भिंत नाही तर दुसऱ्या जातीचं प्रतिजैविक देऊ.

ॲझिथ्रो जिवाणूच्या रायबोसोमवर बसतं, म्हणजे प्रथिनं तयार होण्याच्या जागेवर. मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूला भिंत नसते, त्याच्यावर अमॉक्सिसिलिन फुकट जातं, पण ॲझिथ्रो चालतं. विषाणूकडे मात्र रायबोसोमही नाही. तो आपल्या पेशीतला वापरतो, आणि आपला रायबोसोम जिवाणूच्या रायबोसोमपेक्षा इतका वेगळा आहे की ॲझिथ्रो त्याला नीट चिकटत नाही. चिकटलं असतं तर पहिली इजा आपल्यालाच झाली असती. आमच्या सरांनी तोंडी परीक्षेत हेच विचारलं होतं.

गुळपोळी

बरं, हे तर्काने पटतं. मग विषाणूवर औषधच नाही का जगात?

तिसऱ्या_बाकावरची

आहेत ना. नागिणीवर ॲसायक्लोव्हिर, फ्लूवर ओसेल्टामिविर. पण ही औषधं त्या त्या विषाणूच्या एखाद्या खास विकरावर बेतलेली असतात, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. गोवरासाठी असं नेहमीच्या वापरातलं औषध नाही.

मृण्मयी_ठाणे

शिशुवैद्य, काल बहिणीला फोन करून सगळं विचारून घेतलं. भाचा तेव्हा चार वर्षांचा. आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, नाक गळणं, डोळे लालभडक. मग कानामागून पुरळ सुरू झालं, चेहरा, छाती असं पायांपर्यंत उतरलं. पुरळ पूर्ण आल्यावर ताप उतरला, सगळे निर्धास्त झाले. आणि दोन दिवसांनी पुन्हा चढला, खोकला वाढला, श्वास भरभर चालायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी बनियन काढून, घड्याळ लावून छाती बघितली आणि सिरप दिलं. शिवाय जीवनसत्त्व अ चे दोन डोस, आज आणि उद्या असे.

आणि हो, त्याला लसीचा एकही डोस मिळाला नव्हता, गावाला ये-जा करताना राहून गेला होता.

शिशुवैद्य

ताई, तुमच्या बहिणीने उत्तम निरीक्षण केलं आहे, आणि ते डॉक्टर अजिबात चुकले नाहीत.

गोवराचा ताप पुरळासोबत सर्वांत वर जातो आणि पुरळ उठल्यावर दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. तो चार दिवसांनंतरही तसाच राहिला, किंवा भाच्यासारखा उतरून पुन्हा चढला, तर दुसरं काहीतरी आत शिरलं असं आम्ही धरतो. घड्याळ लावून ते श्वास मोजत होते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास शांत बसलेलं असताना मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त असतील तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा असतो. अमॉक्सिसिलिन त्या न्यूमोनियासाठी होतं. गोवराने वाट मोकळी करून दिली आणि तिथून जिवाणू शिरले. पुरळ उठलं त्याच दिवशी ते सिरप दिलं असतं तर गोवर एक तासही लवकर गेला नसता.

गोवर ही वाट का मोकळी करतो, हे मुलीला जरूर सांगा. हा विषाणू रोगप्रतिकारक पेशींमध्येच घुसतो आणि जुन्या रोगांची आठवण सांभाळणाऱ्या पेशी मारतो. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी 11 ते 73 टक्के नाहीशी झालेली दिसली. म्हणून गोवरानंतर कित्येक महिने मूल सारखं आजारी पडत राहतं. कानातून पू, जुलाब, न्यूमोनिया, यांनीच जास्त मुलं दगावतात.

वासंतीमावशी, मंद उजेडाचं तुमचं बरोबर आहे, मुलाला बरं वाटतं. अंघोळ मात्र घालावी, कोमट पाण्याने. आणि डोळ्यांची काळजी जीवनसत्त्व अ घेतं. गोवरात ते झपाट्याने घटतं आणि बुबुळ पांढरं पडून कायमचं अंधत्व येऊ शकतं. वर्षावरील मुलाला दोन लाख युनिट, सलग दोन दिवस. डॉक्टरांकडूनच घ्यावं, घरी अंदाजाने देऊ नये.

वासंतीमावशी

आमच्या आळीत एका मुलीचे डोळे गोवरानंतर गेले होते. सगळे म्हणायचे देवीचा कोप. जीवनसत्त्वाचं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर.

डोंबिवली_फास्ट_लोकल

माझा मुद्दा थोडा बाजूला जाणारा आहे. कुत्रा चावल्यावर मला रेबीजची इंजेक्शनं दिली. रेबीज विषाणूचा, कुत्रा आधीच चावलेला. मग लस 'आधी' कुठे झाली? तीन दिवसांच्या अंतराने, सातव्या दिवशी असं चालू होतं.

शिशुवैद्य

बाजूला नाही, हाच मृण्मयीताईंचा दुसरा प्रश्न आहे. रेबीजचा विषाणू जखमेपासून नसांमधून मेंदूपर्यंत हळूहळू सरकतो, बहुधा काही आठवडे ते महिने. तेवढ्या अवधीत लसीने प्रतिकार उभा राहतो. खोल जखमेत तयार प्रतिपिंडंही टोचतात, लस जागी होईपर्यंतची सोय म्हणून. लक्षणं सुरू झाली की लस व्यर्थ. म्हणजे 'आधी' याचा अर्थ चाव्याच्या आधी असा नसून आजाराच्या आधी असा आहे.

गोवरातही संसर्ग झाल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस आणि पुरळ उठायला चौदा दिवस लागतात. संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर लसीतला कमकुवत विषाणू शरीराला वेळेत जागं करू शकतो. म्हणून (ब).

तिसऱ्या_बाकावरची

डॉक्टर, इथे मला अडचण दिसते. प्रश्नात बहिणीला पुरळ काल उठलं आहे. पण गोवराचा रोगी पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून संसर्ग पसरवतो. दोघं एका घरात राहतात. म्हणजे भावाचा संपर्क काल झालेला नाही, पाच दिवसांपूर्वीच झाला. 72 तास उलटून गेले!

शिशुवैद्य

शाबास. अगदी बरोबर पकडलं. घरातल्या घरात 72 तासांची मुदत बहुतेक वेळा हातची गेलेली असते, कारण पुरळ दिसेपर्यंत कुणाला गोवर म्हणून संशयच येत नाही. ती मुदत खरी उपयोगी पडते शाळेत, बालवाडीत, दवाखान्याच्या बाकावर एकदाच भेट झालेल्या मुलांसाठी. मुंबईत 2022 च्या शेवटी गोवंडीकडे साथ आली तेव्हा एकेका घराची यादी करून आजूबाजूच्या मुलांना लस देण्याची धावपळ याचसाठी होती.

तरीही त्या दोन वर्षांच्या भावाला लस द्यावीच. त्याला संसर्ग झालाच असेल असं नाही, आणि साथ वस्तीत आहे, म्हणजे पुढचा रोगी दारातच आहे. ताप येऊन गोवर सुरू झाला तर मात्र लसीचा त्या आजारात उपयोग नाही. मग पाणी, खाणं, जीवनसत्त्व अ आणि श्वासावर नजर. उत्तर (ब) च, पण प्रश्न लिहिणाऱ्याने 'शेजारच्या मुलीला भेटला' असं लिहायला हवं होतं.

कोकणकडा

मग उद्या न्यूमोनिया होऊ नये म्हणून त्या भावाला, किंवा बहिणीला, आधीच प्रतिजैविक दिलं तर? लेकीचं (अ) त्या अर्थाने बरोबर ठरेल का?

शिशुवैद्य

भावाला तर नाहीच, त्याला अजून काही झालेलंच नाही. बहिणीबद्दलचा प्रश्न मात्र पूर्ण मिटलेला नाही. गिनी-बिसाऊमध्ये गोवर झालेल्या मुलांना आधीच प्रतिजैविक देऊन एक छोटी चाचणी झाली होती, त्यात न्यूमोनिया कमी दिसला. पण मुलं शंभरही नव्हती, आणि तिथे वैद्यकीय मदत लांब. जागतिक आरोग्य संघटना आजही जिवाणूंची लक्षणं दिसली तरच द्या असं सांगते. मी तेच करतो, कारण जवळ दवाखाना असेल तर श्वास मोजत थांबता येतं, आणि उगाच दिलेल्या औषधाने जुलाब होतात, आतले जिवाणू त्या औषधाला सरावतात आणि खऱ्या न्यूमोनियाच्या वेळी तेच औषध लंगडं पडतं. दुर्गम पाड्यावर काम करणारा माझा मित्र मात्र यावर माझ्याशी भांडतो, आणि त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही.

फार्मसीवाला

श्वास मोजण्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत. आई-वडील दुकानात येऊन "पिवळा शेंबूड आला, आता अँटिबायोटिक द्या" म्हणतात. डॉक्टर, ते खरं आहे का?

शिशुवैद्य

नाही. साध्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड पिवळा-हिरवा होतो, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा. रंगावरून काही ठरत नाही. श्वास, पुन्हा चढलेला ताप, खाणं-पिणं सोडलेलं मूल, हे बघा.

मृण्मयी_ठाणे

सगळं लेकीला वाचून दाखवलं. आपलं उत्तर चूक होतं हे तिने मान्य केलं. पण चार दिवसांचा मुद्दा ऐकून आता ती बाईंना प्रश्नच दुरुस्त करायला सांगणार आहे. बाईंशी बोलणं झालं की इथे लिहीन.

बहिणीचा एक प्रश्न राहिला. भाच्याला गोवर होऊन गेला, तर आता लस घ्यायची गरज आहे का? आणि तिचं धाकटं आता आठ महिन्यांचं आहे.

शिशुवैद्य

भाच्याला लस द्यावी. गोवराविरुद्ध त्याला प्रतिकार आला असेल, पण आपल्याकडची लस गोवर आणि रुबेला दोन्हींची आहे, आणि रुबेला त्याला झालेला नाही. घेतल्याने अपाय नाही. धाकट्याचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, बाराव्या महिन्याच्या आत, आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडं लसीतला विषाणू वाढू देत नाहीत, म्हणून थांबायचं. त्यांच्या भागात साथ चालू असेल तर आरोग्य केंद्रात लगेच विचारा, साथीत सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देतात. तो मोजणीत धरत नाहीत, नंतरचे दोन्ही घ्यावेच लागतात.